बिलिंगचं बिऱ्हाड

मे 2023 मधली गोष्ट. कराडला मंडईच्या मागे रंगाचं आणि हार्डवेअरचं एक दुकान आहे. मालकांना सगळा बाजार काका म्हणतो, मीही तेच म्हणतो. अशा छोट्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा व्यवसाय. दुपारी काकांचा फोन आला. "पीसी सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात रे, आणि आतून टक्-टक् असा आवाज येतोय."

तो आवाज ओळखीचा होता. हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजायला लागली की असा आवाज येतो. पीसी 2013 चा होता. मी म्हटलं, "काका, नवीन घ्यावा लागेल. आणि लवकर."

"घेऊ की. पैशाचं नाही काही. पण बिलिंगचं काय? मागच्या वेळेला काय झालं होतं, विसरलास?"

विसरलो नव्हतो. 2013 साली विंडोज एक्सपीचा पीसी जाऊन विंडोज 7 चा आला, तेव्हा बिलिंगचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्या मशीनवर टाकलं होतं. प्रोग्राम उघडला, पण प्रिंटर हलेना. प्रिंटर हलला, तर तारखा उलट्या यायला लागल्या, 5 एप्रिलचं बिल 4 मेचं दिसायला लागलं. शेवटी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गृहस्थांना दोनदा साताऱ्याहून बोलवावं लागलं. तीन दिवस काका हाताने बिलबुकावर बिलं फाडत होते आणि पुढचा आठवडाभर त्यांचा मुलगा रात्री बसून ती बिलं कॉम्प्युटरमध्ये भरत होता. आता तर त्या गृहस्थांनी व्यवसाय बंद केला होता. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा त्यांनी एकदा सॉफ्टवेअर सुधारून दिलं, तेच शेवटचं.

काकांचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं, डॉसचं. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाहीच. बाहेरच्या माणसाला ते जुनाट वाटेल. पण काउंटरवरचा मुलगा डोळे ग्राहकाकडे ठेवून नुसत्या बोटांनी पंधरा आयटमचं बिल दीड मिनिटात काढतो. अडीच इंची खिळे किलोवर, बिजागऱ्या नगावर, पाइप फुटावर आणि रंग लिटरवर, हे सगळे हिशोब त्या सॉफ्टवेअरला या दुकानाच्या सवयीप्रमाणे शिकवलेले आहेत. ते टाकून द्या, असं काकांना सांगणं मला पटत नव्हतं.

अडचण अशी की दुकानात येणार ते नवं विंडोज 64-बिट. जुने 16-बिट डॉस प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत, आणि विंडोज 11 ची तर 32-बिट आवृत्तीच नाही. प्रोग्रामवर दोनदा क्लिक केलं की `This app can't run on your PC` अशी निळी पाटी येते आणि विषय संपतो. म्हणजे या खेपेला नुसता त्रास झाला असता असं नाही, बिलिंग सुरूच झालं नसतं.

आता नुसतं फोल्डर उचलून का भागत नाही, ते सांगतो. आपल्याला वाटतं की सॉफ्टवेअर म्हणजे `C:\BILL` हे फोल्डर. पण अंगणात लावलेल्या झाडासारखं असतं ते. वर दिसतो तेवढा बुंधा, मुळं मात्र चहूकडे गेलेली असतात. काही फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात. काही नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत जातात. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहायची की महिना आधी, हे विंडोजच्या सेटिंगमधून येतं. प्रिंटर कुठल्या पोर्टवर आहे ते आणखी तिसरीकडे लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर चोरून दुसरीकडे चालवू नये म्हणून घातलेलं कुलूप डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं. नवा पीसी म्हणजे झाड उपटून दुसऱ्या जमिनीत लावणं, आणि एखादं मूळ तुटतंच.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे तेच झाड कुंडीत लावणं. कुंडी उचलली की माती, मुळं, बुंधा सगळं एकत्र निघतं. तुळशीवृंदावन हलवायचं म्हटलं तर गवंडी लागतो, कुंडीतली तुळस मात्र बिऱ्हाडाबरोबर टेम्पोत बसते.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर असं. नव्या पीसीवर एक प्रोग्राम टाकायचा. काकांकडे आम्ही व्हर्च्युअलबॉक्स वापरलं. त्याचा मूळ भाग धंद्यातही फुकट वापरता येतो. हा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एका कॉम्प्युटरचा आभास तयार करतो. त्या आतल्या कॉम्प्युटरला मेमरी असते, डिस्क असते, नेटवर्क कार्ड असतं, पण हे सगळं सॉफ्टवेअरने रचलेलं. आत विंडोज 7 टाकलं की त्याला वाटतं आपण खऱ्याच मशीनवर चाललो आहोत. त्याची डिस्क म्हणजे बाहेरच्या पीसीवरची एक मोठी फाइल. सगळी मेख याच वाक्यात आहे. काकांचं आख्खं बिलिंग, त्याच्या खालचं विंडोज, तारखेची सेटिंग, प्रिंटरची नोंद, सगळं एका फाइलीत येतं. आणि फाइल कॉपी करता येते.

ही युक्ती नवीन नाही. आयबीएमने 1972 साली आपल्या मोठ्या मशीनांसाठी व्हीएम/370 काढलं तेव्हाही एकाच मशीनच्या आत अनेक आभासी मशीन चालत होती, आणि जुने प्रोग्राम नव्या व्यवस्थेशेजारी चालू ठेवणं हा त्याचा एक मोठा उपयोग होता. बँकांच्या तळघरातली ती सोय आता हार्डवेअरच्या दुकानात परवडते, एवढाच फरक.

काकांकडे मी दोन पैकी कुठलाही रस्ता धरू शकलो असतो. एक, व्हर्च्युअल मशीनमध्ये नवं विंडोज टाकून त्यात बिलिंग पहिल्यापासून बसवायचं. पण बसवणारेच उरले नव्हते. म्हणून दुसरा धरला. जुन्या पीसीची चालू डिस्क जशी आहे तशी फाइलीत उतरवायची. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच `Disk2vhd` नावाचं छोटं फुकट साधन आहे. ते जुन्या पीसीवर चालवायचं, कुठल्या डिस्क हव्यात त्यावर टिचकी मारायची, आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर फाइल बनवायला सांगायचं.

इथे पहिली ठेच लागते. यादीत `C:` दिसतो आणि त्याच्या वर 100 एमबीचा एक बारका बिननावाचा भाग दिसतो. तो फालतू समजून लोक सोडून देतात. विंडोज 7 सुरू होण्याची किल्ली तिथेच असते. तो घेतला नाही तर फाइल बनते, पण मशीन उठत नाही. आम्ही दोन्ही घेतले. डिस्क 500 जीबीची असली तरी वापरलेली जागा 31 जीबी होती, म्हणून फाइलही तेवढीच झाली. टक्-टक् करणाऱ्या डिस्कवरून ती उतरायला पावणेतीन तास लागले. काका तेवढा वेळ शेजारच्या खुर्चीत बसून होते, दर दहा मिनिटांनी विचारायचे, "किती टक्के झालं?" डिस्क आणखी महिनाभर थांबली असती तर ही फाइल निघालीच नसती. म्हणून हे काम जुना पीसी धडधाकट असताना करावं.

दुसरी ठेच नव्या पीसीवर लागली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन तयार केलं, 2 जीबी मेमरी दिली, डिस्क म्हणून ती फाइल जोडली आणि सुरू केलं. विंडोजचा लोगो आला आणि लगेच निळा पडदा, त्यावर `0x0000007B`. या आकड्याचा अर्थ, मला माझी डिस्क सापडत नाही. कारण साधं होतं. जुन्या पीसीत डिस्क आयडीई पद्धतीने लावलेली होती आणि मी आभासी मशीनमध्ये ती साटा पद्धतीने जोडली होती. आतल्या विंडोजकडे त्या जोडणीचा ड्रायव्हर तयार नव्हता. सेटिंगमध्ये डिस्क साटाखालून काढून आयडीईखाली लावली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी काकांचा जुना डेस्कटॉप वर आला, मागे गणपतीचा फोटो, कोपऱ्यात बिलिंगचं चिन्ह. काका पुढे वाकले. "अरे, हा तर माझाच पीसी!"

कुलूप आणि परवाना या दोन गोष्टी मात्र सरळ मार्गाने सोडवाव्या लागतात. काकांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप डिस्कच्या क्रमांकाशी होतं, `vol C:` असं टाइप केलं की दिसतो त्या. डिस्क जशीच्या तशी उतरवली तर हा क्रमांकही बरोबर येतो, म्हणून कुलूप उघडलं. तरीही मी त्या निवृत्त गृहस्थांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "एकाच मशीनवर वापरताय ना, मग माझी काही हरकत नाही." काही सॉफ्टवेअर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाला किंवा नेटवर्क कार्डच्या पत्त्याला बांधलेली असतात. ती या बदलात अडतात. तेव्हा विक्रेत्याकडून एकदाच नवी चावी घ्यावी लागते, पण ती आभासी मशीनसाठी घ्यायची. पुढे आभासी कार्डचा पत्ता मशीनबरोबर फिरतो, म्हणून दर नव्या पीसीला चावी मागत बसावं लागत नाही.

विंडोजच्या परवान्याचं आणखी स्पष्ट सांगतो. पीसीबरोबर आलेला परवाना त्या पीसीलाच चिकटलेला असतो, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. काकांनी 2013 मध्ये विंडोज 7 चा वेगळा डबा पावतीसकट विकत घेतला होता आणि तो गल्ल्याखालच्या कप्प्यात जपूनही ठेवला होता. असा परवाना एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. हार्डवेअर बदललेलं पाहून विंडोजने चावी पुन्हा मागितली, डब्यावरची चावी टाकली, काम झालं. तुमच्याकडे तो डबा नसेल तर आतल्या विंडोजसाठी वेगळा परवाना लागेल, हे आधीच हिशोबात धरा.

मग राहिला प्रिंटर. माझ्या अनुभवात अशा कामातला निम्मा वेळ प्रिंटर खातो. काकांकडे डॉट मॅट्रिक्स, कारण दोन प्रतींचं बिल कार्बनने एकाच वेळी निघतं. डॉसच्या प्रोग्रामला फक्त एक पत्ता माहीत असतो, `LPT1`, म्हणजे पीसीच्या पाठीमागचं ते रुंद, पंचवीस भोकांचं पोर्ट. नव्या पीसीला ते पोर्टच नसतं. सुदैवाने प्रिंटरला यूएसबीही होती. प्रिंटर बाहेरच्या विंडोजला लावला, त्याला `BILL` असं नाव देऊन शेअर केला, आणि आतल्या विंडोज 7 मध्ये ही एक ओळ दिली:

```
net use LPT1 \\192.168.56.1\BILL /persistent:yes
```

म्हणजे `LPT1` वर काही आलं की ते बाहेरच्या पीसीच्या `BILL` नावाच्या प्रिंटरकडे पाठव, आणि हे पुढच्या वेळीही लक्षात ठेव. `192.168.56.1` हा पत्ता व्हर्च्युअलबॉक्स बाहेरच्या पीसीला देतो, आभासी मशीनचं नेटवर्क `Host-only Adapter` असं ठेवलं की. याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. अशा जोडणीत आतलं मशीन फक्त बाहेरच्या पीसीशी बोलू शकतं, इंटरनेटशी नाही. विंडोज 7 ला सुरक्षेचे अपडेट 14 जानेवारी 2020 पासून बंद आहेत. ते इंटरनेटवर सोडणं म्हणजे शटर अर्धं उघडं ठेवून घरी जाणं. जीएसटीचं पोर्टल, बँक, ईमेल हे सगळं बाहेरच्या नव्या विंडोजवर, आणि आत फक्त बिलिंग, अशी वाटणी आम्ही केली.

ओळ दिली तर `System error 53` आलं. पत्ता सापडत नाही, असा त्याचा अर्थ. बाहेरच्या विंडोजची फायरवॉल या नव्या नेटवर्कला अनोळखी समजून प्रिंटरची वाट अडवत होती. फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला तिथे परवानगी दिली. मग पासवर्ड मागायला लागलं, म्हणून बाहेरच्या पीसीवर आतल्यासारखंच नाव आणि पासवर्ड असलेला एक यूजर तयार केला. त्यानंतर प्रिंटर करकरला. बारकोडच्या स्कॅनरला मात्र काहीच करावं लागलं नाही. तो कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, जी खिडकी समोर उघडी असेल तिथे आकडे टाइप करतो.

या सगळ्याला एक रविवार आणि सोमवारची सकाळ लागली. सोमवारी अकराला पहिलं बिल निघालं. डेस्कटॉपवर एक चिन्ह करून दिलं, त्यावर क्लिक केलं की आभासी मशीन सुरू होतं, उजवा कंट्रोल आणि F दाबला की ते पूर्ण पडद्यावर येतं. काउंटरवरच्या मुलाला फरक जाणवला तो एवढाच की सकाळी पीसी लवकर सुरू होतो.

त्याला शिकवावी लागली ती एकच गोष्ट, बंद करण्याची. खिडकी बंद केली की व्हर्च्युअलबॉक्स तीन पर्याय विचारतं. `Power off the machine` म्हणजे चालू पीसीची वायर उपटणं. फॉक्सप्रोच्या फाइलींना ते अजिबात सोसत नाही. त्यांची इंडेक्स बिघडते. ते असं ओळखू येतं की माल यादीत दिसतो, पण बिलात कोड टाकला तर सापडत नाही. `Save the machine state` म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवणं. हे सोयीचं वाटतं, पण पुढे स्थलांतराच्या वेळी दगा देतं, ते सांगतोच. म्हणून रोज रात्री बिलिंगमधून बाहेर यायचं, आतलं विंडोज नीट बंद करायचं, मगच बाहेरचा पीसी. मी हे मराठीत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं.

खरी कसोटी लागली 2025 मध्ये. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवले. काकांनी 2023 मध्ये घेतलेला पीसी वापरलेला होता आणि त्यावर विंडोज 11 बसत नव्हतं, त्याला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप त्यात नव्हती. दिवाळीची रंगाची गर्दी ओसरली आणि नोव्हेंबरात त्यांनी नवा पीसी आणला. जुना इंटेलचा होता, हा एएमडीचा.

मी संध्याकाळी सातला पोहोचलो. आभासी मशीन बंद आहे ना, गोठवलेलं नाही ना, हे आधी पाहिलं. गोठवलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरची त्या क्षणाची आतली स्थिती साठवलेली असते, आणि इंटेलवर साठवलेली स्थिती एएमडीवर उघडायला गेलं तर मशीन उठत नाही. नीट बंद केलेल्या मशीनला इंटेल काय, एएमडी काय, दोन्ही चालतात. मग `DukanVM` हे आख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केलं. काकांच्या मुलाने आधी स्वतःच दुपारी पेन ड्राइव्हवर घेऊन पाहिलं होतं, तर `The file is too large for the destination file system` असं आलं. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह कितीही मोकळा असला तरी. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असली की ही अडचण नाही. आमची फाइल आता 34 जीबी झाली होती. ती डिस्कवर उतरायला आणि डिस्कवरून नव्या पीसीत जायला मिळून पंधरा मिनिटं लागली.

नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, `Add` म्हणून फोल्डरमधली `.vbox` फाइल दाखवली. डिस्कची फाइल जशी बिलिंगची वस्ती, तशी ही छोटी फाइल म्हणजे त्या मशीनचं वर्णन. मेमरी किती, डिस्क कशी जोडली, नेटवर्क कार्डचा पत्ता काय, हे सगळं हिच्यात. म्हणून डिस्कची फाइल एकटी नेऊ नये, फोल्डर पूर्ण न्यावं. आतल्या विंडोजच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, प्रोसेसर सोडून. चावी मागितली नाही, कुलूप अडलं नाही. प्रिंटर नव्या पीसीला लावून त्याला तेच `BILL` नाव दिलं, तोच यूजर केला, फायरवॉल उघडली. आतमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

फक्त खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचं चित्र दिसलं. नव्या विंडोजने आपल्या सुरक्षेसाठी प्रोसेसरची आभासी मशीनची सोय स्वतः धरून ठेवली असली की व्हर्च्युअलबॉक्सला आडवाटेने चालावं लागतं आणि ते हे कासव दाखवतं. सेटिंग बदलून ते घालवता येतं, पण त्यासाठी विंडोज 11 चं एक संरक्षण बंद करावं लागतं. डॉसच्या बिलिंगला वेग लागतोच किती. बिल पूर्वीच्याच चपळाईने निघत होतं, म्हणून मी ते संरक्षण तसंच ठेवलं. आठला दहा कमी असताना काकांनी स्वतः एक चाचणीचं बिल मारलं, मग ते रद्द केलं. 2013 ला तीन दिवस लागले होते, या खेपेला पन्नास मिनिटं.

त्याच रात्री एक काम मी आग्रहाने केलं. जुन्या पीसीवरच्या आभासी मशीनचं फोल्डर काढून टाकलं. नव्याची खात्री होईपर्यंत प्रत बाहेरच्या डिस्कवर होतीच. हा आग्रह दुसऱ्या एका दुकानात चटका बसल्यामुळे आला. तिथे मी असंच मशीन हलवलं आणि जुना पीसी गोडाऊनमध्ये ठेवला. आठ दिवसांनी काउंटरचा पीसी ग्राहकांनी अडला म्हणून एका मुलाने गोडाऊनमध्ये जुनाच चालू करून अकरा बिलं काढली. दोन्ही मशीन एकमेकांची हुबेहूब प्रत, पण एकीला दुसरीची खबर नाही. त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन-दोन बिलं दोन वेगळ्या ग्राहकांना गेली. जीएसटीच्या नियमांप्रमाणे आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक सलग आणि एकमेव हवा. ती अकरा बिलं शोधून, ग्राहकांना फोन करून दुरुस्त करण्यात सीए आणि मालक दोघांचे दोन दिवस गेले. चूक मुलाची नव्हती, जुनी प्रत चालू ठेवणाऱ्या माझी होती. कॉपी करणं इतकं सोपं झालं की मूळ कोणतं आणि प्रत कोणती, हे माणसाने ठरवून ठेवावं लागतं.

अशीच दुसरी फसवी सोय म्हणजे स्नॅपशॉट. मशीनची या क्षणाची अवस्था खुणेने धरून ठेवायची आणि काही बिघडलं तर तिथे परत जायचं. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल करण्याआधी पाच मिनिटांसाठी ही सोय उत्तम. पण सोमवारचा स्नॅपशॉट गुरुवारी परत आणला तर मधल्या तीन दिवसांची बिलंही गेली, कारण तीही त्याच डिस्कच्या फाइलीत आहेत. शिवाय स्नॅपशॉट घेतला की नंतरचे सगळे बदल वेगळ्या फाइलीत जमा होतात. मूळ डिस्कची फाइल तेवढी नेली तर नव्या मशीनवर जुन्या तारखेला थांबलेलं दुकान उघडतं. काम झालं की स्नॅपशॉट काढून टाकावा, आणि त्याला बॅकअप समजू नये.

बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवरची प्रत. काकांकडे आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, आभासी मशीन बंद केल्यावर हे चालतं:

```
robocopy "D:\DukanVM" "E:\DukanVM" /E
```

बाहेरच्या डिस्क दोन आहेत. एक दुकानात, एक काकांच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. रोजच्या बिलांचा डेटा मात्र काही एमबीचाच आहे. तो रोज रात्री बिलिंगच्या स्वतःच्या बॅकअपमधून निघतो आणि वेगळा साठवला जातो. म्हणजे घर आठवड्याला, घरातली पेटी रोज. शनिवारची प्रत आणि शुक्रवारची पेटी एवढं असलं की पीसी जळाला तरी दुकान एका दिवसापेक्षा जास्त मागे जात नाही. पण प्रत बनते आहे एवढ्यावर थांबू नका. सहा महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या कुठल्या तरी पीसीवर नेटवर्क तोडून उघडून बघा, शेवटचं बिल दिसतंय का ते पाहा, आणि लगेच पुसून टाका.

हे सगळं ऐकून आमच्याकडचे काही दुकानदार म्हणतात, मग आम्हालाही करून द्या. प्रत्येकाला लागत नाही. तुमचं बिलिंग ब्राउझरमध्ये चालत असेल तर डेटा तुमच्या पीसीत नाहीच, कुंडीची गरज नाही. सॉफ्टवेअर चालू कंपनीचं असेल, नव्या विंडोजवर बसत असेल आणि त्यात डेटाचा बॅकअप आणि रिस्टोअर नीट असेल, तरी सरळ मार्गच बरा. पीसीत 4 जीबी मेमरी असेल तर दोन विंडोज एकावर एक चालवून दोन्ही रांगतील, निदान 8 हवी. नुसता डॉसचा प्रोग्राम असेल, कुलूप-बिलूप काही नसेल, तर डॉसबॉक्ससारखं हलकं साधन पुरेसं ठरू शकतं. काकांना ते पुरलं नसतं, कारण लेबल छापायचा त्यांचा दुसरा प्रोग्राम विंडोजचा होता.

आणि एक मर्यादा काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. आभासी मशीन जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवतं, त्याला नवं शिकवत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये कराचे दर मालाच्या यादीत भरलेले होते, म्हणून त्यांच्या मुलाने आदल्या रात्री बसून ते बदलले. तेच दर प्रोग्रामच्या पोटात पक्के लिहिलेले असते तर कुठलंही आभासी मशीन कामाला आलं नसतं. उद्या बिलाचा नमुनाच बदलला तर ते सॉफ्टवेअर सोडावंच लागेल. तेव्हाही जुन्या वर्षांची बिलं उघडून दाखवायला हे मशीन हवंच. जीएसटीचे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, आणि डॉसच्या फाइलींतली बिलं वाचायला डॉसचा प्रोग्राम लागतो.

काकांनी त्यावर विचार करून ठेवला आहे. नवं सॉफ्टवेअर ते 1 एप्रिलला, नव्या वर्षाच्या पहिल्या बिलापासून सुरू करणार आहेत. मुलगा सध्या दोन-तीन बघतोय. जुनं आभासी मशीन तोवर चालेल, नंतर नुसतं बघायला राहील. परवा गेलो तेव्हा काकांनी गल्ल्याखालचा कप्पा उघडून दाखवला. विंडोजचा डबा होता, त्यावर मी लिहून दिलेला यूजर आणि पासवर्ड चिकटवलेला होता, आणि शेजारी बाहेरच्या डिस्कची मोकळी पिशवी. डिस्क घरी गेली होती. शनिवार होऊन गेला होता.